मदत हवी आहे: बोंबलांच्या लांबीच्या डेन्सिटी प्लॉटमध्ये डोंगर एक की दोन?

सागरिका_वे

नमस्कार मंडळी. प्राणिशास्त्राच्या एमएस्सीचा प्रकल्प चालू आहे. वेसाव्याच्या बंदरावर उतरलेल्या बोंबलांची लांबी मोजली, एकूण 243 नग. ढीग सरमिसळ होता: बरेचसे बारके, काही मध्यम आणि पन्नासेक चांगले मोठे, 24 सेंटिमीटरच्या आसपासचे.

अडचण अशी आहे. seaborn मध्ये `kdeplot` काढला की डावीकडे एक रुंद डोंगर येतो आणि उजवीकडे मोठ्या बोंबलांची छोटी टेकडी. मॅडम म्हणतात, "बारक्यांचा एकच गट आहे, म्हणजे एकाच हंगामातली पिल्लं." पण मोजताना मला बारक्यांमध्येही सरळ दोन मापं दिसत होती, 12च्या आसपास आणि साडेपंधराच्या आसपास. म्हणून `bw_adjust=0.2` करून पाहिलं, तर दर सेंटिमीटरला एक सुळका आला. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "आता काय, प्रत्येक सेंटिमीटरची वेगळी पिढी?"

बँडविड्थ, म्हणजे वक्र किती गुळगुळीत करायचा तो आकडा, किती ठेवायची हे ठरवायचं कसं? हवं ते दिसेपर्यंत आकडा फिरवत बसले असं वाटायला नको.

पायथॉनप्रेमी

सोपं आहे. डिफॉल्ट नेहमीच जास्त गुळगुळीत असतो. `bw_method=0.7` दे, म्हणजे बँडविड्थ 0.7 सेंटिमीटर होईल आणि दोन्ही शिखरं दिसतील.

सागरिका_वे

दिलं दादा. उलटंच झालं, आता मोठ्या बोंबलांची टेकडीसुद्धा दिसेनाशी झाली!

भाडेकरू_चेंबूर

माझाही असाच त्रास आहे. चेंबूर-गोवंडीच्या घरभाड्यांचे आकडे गोळा केले, तर आलेख शून्याच्या डावीकडेही जातो. घरमालक उलट आपल्यालाच पैसे देतो की काय! बँडविड्थ कमी केली की शेपूट आत येते, पण मग महागड्या घरांकडे नुसते फोड दिसतात. कोणती घ्यावी?

जुना_गणिती

चेंबूरकर, तुमचा प्रश्न वेगळा आहे. भाड्याला खालून शून्याची भिंत आहे आणि वक्राला ती माहीत नाही. भाड्याचा लॉग घेऊन वक्र काढा, मग बोलू.

सागरिका, आधी `bw_method`चा घोळ मिटवू. तिथे नुसता आकडा दिला की scipy त्याला सेंटिमीटर समजत नाही, त्या आकड्याने तुझ्या सगळ्या डेटाच्या प्रमाण विचलनाला गुणतं. विचलन किती येतंय?

सागरिका_वे

4.8 सेंटिमीटर.

जुना_गणिती

म्हणजे 0.7 दिल्यावर प्रत्यक्षात जवळजवळ 3.4 सेंटिमीटरची बँडविड्थ लागली. टेकडी गायब होणारच. R मध्ये `density(x, bw=0.7)` लिहिलं तर मात्र ते खरंच 0.7 सेंटिमीटर असतं. एका भाषेतला आकडा दुसरीत उचलून टाकला की हमखास असा गोंधळ होतो.

आता तुझा मूळ डिफॉल्ट. scipy, आणि म्हणून seaborn, स्कॉटचा नियम वापरतं: विचलन भागिले नगांच्या संख्येचं पाचवं मूळ. 243चं पाचवं मूळ बरोबर 3 येतं, छान आकडा निवडलास. म्हणजे 4.8 भागिले 3, बँडविड्थ 1.6 सेंटिमीटर.

ती जास्त आहे का, हे तुझ्याच माशांवरून तपासता येतं. बारक्यांचे दोन गट आहेत असं धरू, मध्य 12 आणि 15.5, आणि प्रत्येक गटाचा आतला पसारा, म्हणजे विचलन, 1.2. गाउसियन वक्राने गुळगुळीत केलं की प्रत्येक गट फुगतो आणि नवा पसारा √(1.2² + 1.6²) होतो, म्हणजे बरोबर 2.0. सारख्या आकाराचे आणि सारख्या पसाऱ्याचे दोन गट वेगळी शिखरं दाखवतात ते त्यांच्या मध्यांमधलं अंतर पसाऱ्याच्या दुपटीपेक्षा जास्त असलं तरच. इथे दुप्पट 4 होते आणि अंतर आहे 3.5. मधली दरी बुजली. गट खरे असोत वा नसोत, या बँडविड्थला ते दिसणं शक्यच नव्हतं. "आलेखात एकच डोंगर आहे" हा मॅडमचा पुरावा तिथेच गळतो. दोन गट आहेत हे मात्र यातून अजून सिद्ध होत नाही.

0.7 सेंटिमीटरला पसारा 1.4च्या आसपास येतो, दुप्पट 2.8. गट असतील तर दरी दिसायला हवी. असं लिही:

```python
x = df["length_cm"]
sns.kdeplot(x=x, bw_method=0.7 / x.std())
sns.rugplot(x=x)
```

पायथॉनप्रेमी

बरोबर, `bw_method`चं माझ्या लक्षात नव्हतं. पण डिफॉल्ट जास्त गुळगुळीत असतो हे तर खरं ना?

जुना_गणिती

नेहमी नाही. हा नियम मुळात एकाच घंटाकृती ढिगासाठी बेतलेला आहे, आणि तसा ढीग असेल तर तो उत्तम चालतो. इथे बिघाड केला तो मोठ्या बोंबलांनी. विचलन 4.8 झालं ते 24 सेंटिमीटरवाल्या पन्नासेक माशांमुळे. ते बाजूला काढून उरलेल्या 190 माशांवर डिफॉल्टच चालवून बघ. विचलन 2.1च्या आसपास उतरेल आणि बँडविड्थ आपोआप 0.75च्या जवळ येईल. म्हणजे उजव्या टोकाला कोण बसलंय त्यावर डावीकडचा तपशील दिसणार की नाही हे ठरतंय, आणि बारक्यांच्या प्रश्नाचा मोठ्यांशी काही संबंध नाही.

R चा डिफॉल्ट याबाबतीत थोडा शहाणा आहे. तो विचलन आणि चतुर्थक-अंतर भागिले 1.34 यांतलं लहान घेतो आणि वर 0.9ने गुणतो. तुझ्या डेटावर तो 1.1च्या आसपास जाईल असा माझा अंदाज आहे. शिखरं दोन दिसतील कदाचित, पण मधली दरी अगदी उथळ असेल. जमल्यास `bw="SJ"` करून बघ. 1991ची शेदर आणि जोन्स यांची पद्धत आहे ती. ढीग एकच आहे असं ती धरून चालत नाही, म्हणून अनेक डोंगर असतील तिथे मी तीच आधी लावतो.

सागरिका_वे

करून पाहिलं. मोठे काढल्यावर डिफॉल्टलाच दोन शिखरं आली! R मध्ये SJ ने बँडविड्थ 0.7च्या थोडी खाली दिली, तिथेही दोन. नुसत्या डिफॉल्टला तुम्ही म्हणालात तशी उथळ दरीच आहे. पण मग 0.2वाले सुळके खोटे आणि हे खरे, हे मॅडमना कुठल्या तोंडाने सांगू? त्या म्हणतील, तुला दोन हवे होते म्हणून तू दोनवर थांबलीस.

पायथॉनप्रेमी

डेटाचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग कर आणि दोन्हींचे वक्र काढ. जे शिखर दोन्हीकडे येईल ते खरं.

जुना_गणिती

योगायोगाने आलेले फोड यात पकडले जातात, पण हे सुळके पकडले जाणार नाहीत. ते दोन्ही भागांत त्याच जागी येतील. सागरिका, लांबी किती बारीक वाचली होतीस?

सागरिका_वे

पट्टीवर अर्ध्या सेंटिमीटरच्या खुणा आहेत. पण खरं सांगायचं तर बोंबील इतका लिबलिबीत की सरळ ठेवला तरी ताणला जातो. मोजायला मदत करणारी मैत्रीण बहुतेक वेळा पूर्ण आकडाच सांगायची.

जुना_गणिती

मग झालं. `bw_adjust=0.2` म्हणजे 1.6चा पाचवा हिस्सा, 0.32 सेंटिमीटर. आकडे एक-एक सेंटिमीटरवर साचलेले असतील तर बँडविड्थ त्या पायरीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आली की वक्राला दात फुटतात. ते दात पट्टीचे आहेत, माशांचे नाहीत.

तपासायचं असेल तर पूर्ण आकड्यातल्या प्रत्येक लांबीत −0.5 ते +0.5 मधली यादृच्छिक भर घाल आणि 0.32लाच पुन्हा वक्र काढ. दात जातील किंवा दरवेळी जागा बदलतील, 12 आणि 15.5चे उंचवटे राहतील. हे मॅडमसमोर दोन-चार वेळा चालवून दाखव. बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

थांबायचं कुठे, याला एक आकडा सांगू नकोस, पल्ला सांग. फक्त बारके घे आणि बँडविड्थ 0.4पासून 1.6पर्यंत सावकाश वाढव. गाउसियन कर्नल असेल तर बँडविड्थ वाढवताना शिखरांची संख्या कधीच वाढत नाही, त्यामुळे दोनाचं एक नेमकं कुठे होतं ते स्वच्छ सापडतं. माझ्या हिशेबाने ते 1.2 ते 1.3 च्या दरम्यान घडावं. दोन शिखरं जवळजवळ 0.5पासून 1.2पर्यंत टिकली, तर "तू दोनवर थांबलीस" या आरोपात दम राहत नाही.

कोणी याहून पक्कं मागितलं तर सिल्वरमनची 1981ची चाचणी आहे. दोनाचं एक होतं त्या बँडविड्थचा एकशिखरी वक्र घ्यायचा, त्यातून तितकेच नकली मासे पुन्हा पुन्हा उचलायचे आणि त्यांना एका शिखरावर आणायला याहून जास्त बँडविड्थ किती वेळा लागते ते मोजायचं. क्वचितच लागली तर दोन शिखरं मानायला जागा आहे. ही चाचणी जरा सावध आहे, खरी शिखरंही कधी कधी नाकारते.

डोलवाला_नाखवा

बाय, तुमचं गणित मला कळत नाही, पण मासळी कळते. तो ढीग एकाच होडीचा होता का? डोल जाळ्याची शेवटची पिशवी म्हणजे खोला, त्याची जाळी कोणाची बारीक, कोणाची जरा मोठी. बारीक खोल्यात पार बोटाएवढा बोंबीलही अडकतो, मोठ्यात तो निसटतो. दोन होड्यांचा माल एका पाटीत ओतला तर दोन मापं दिसणारच. त्यात पिढी कुठून आली?

सागरिका_वे

काका, होड्या दोन होत्या. होडीचं नाव लिहिलेलं आहे, पण आलेख एकत्रच काढला होता.

जुना_गणिती

नाखवांनी माझ्या सगळ्या हिशेबापेक्षा मोठा प्रश्न विचारला. बँडविड्थ दोन ढीग दाखवील, ते का झाले हे सांगणार नाही. प्रत्येक होडीचा वक्र वेगळा काढ, पण दोघांना बँडविड्थ एकच दे, सेंटिमीटरमध्ये. `hue` वापरलंस तर seaborn प्रत्येक गटाची स्वतंत्र काढतं, आणि मग फरक माशांचा की गुळगुळीतपणाचा हे कळत नाही. दोन्ही होड्यांत दोन्ही शिखरं आली तर जाळ्याचं कारण मागे पडतं. एकीत 12 आणि दुसरीत 15.5 असेल तर नाखवा जिंकले.

सागरिका_वे

आज रात्री करते. अजून एक: 0.7ला मोठ्या बोंबलांची टेकडीही फुटून तीन बारीक टेंगळं आलीत. तीही खरी धरू?

जुना_गणिती

मी धरणार नाही. तिथे मासे पन्नासच आणि पसारा मोठा, 0.7 त्यांना फार बारीक पडते. सगळ्या आलेखाला एकच बँडविड्थ लावली की कुठेतरी असं होतंच. दोन चौकटी कर, बारक्यांना 0.7 आणि मोठ्यांना दीडच्या आसपास, आणि दोन्ही आकडे चौकटीखाली लिही.

भाडेकरू_चेंबूर

लॉग घेतला, शून्याची भानगड मिटली! मग सागरिकाताईंनीही लॉगच घ्यावा ना? मोठ्यांचा पसारा दाबला जाईल.

जुना_गणिती

दाबला जाईल, मुद्दा वाईट नाही. पण मी ढोबळ हिशेब केला तर लॉगवरही स्कॉटचा डिफॉल्ट त्या दोन शिखरांच्या अगदी काठावर येतो. शिवाय वाढीचा अभ्यास करणारे लांबी सेंटिमीटरमध्येच बघतात. कोणाचा अनुभव वेगळा असेल तर लिहा.