मदत हवी आहे: व्होडका मार्टिनीत व्हरमूथ किती?

मंडळी, घरी मार्टिनी करताना मी ६० मिली जिनला १० मिली ड्राय व्हरमूथ घ्यायचो, म्हणजे ६:१. भरपूर बर्फात अर्धा मिनिट ढवळायचं आणि फ्रीझरमधल्या ग्लासात गाळायचं. पण घशाला नुसती जिनच लागायची. व्हरमूथ २० मिली करून 'वेट' केली तेव्हा जुनिपर, धण्याच्या वासाला तिच्या वनस्पतींची जोड मिळाली, आणि मला हीच आवडते. बाटली उघडली की फ्रिजमध्येच ठेवतो. व्हरमूथ शेवटी वाईनच, बाहेर राहिली की चव उतरते, आणि वेटमध्ये ते लगेच कळतं.

आता अडचण अशी की शनिवारी मेहुणा येतोय आणि त्याला व्होडकाचीच हवी. व्होडकाला स्वतःचा वास जवळपास नसतोच, मग ३:१ मध्ये फक्त व्हरमूथच पुढे येईल ना? त्याच्यासाठी ६:१ वरच थांबून ऑलिव्ह घालावं म्हणतोय. ऑलिव्हचा खारटपणा व्होडकात उठून दिसेल, जिनमध्ये मात्र तो वासाच्या आड येतो. म्हणून माझ्या ग्लासात लिंबाची सालच: आतला पांढरा कडू भाग काढून टाकायचा आणि साल मुरडून तिचं तेल वर उडवायचं.

तर बरणीतलं खारं पाणी व्होडकात किती घालता? ते घातलं तर व्हरमूथ तेवढी कमी करता का? आणि पिवळं लेमन मिळालं नाही तर आपल्या कागदी लिंबाची साल चालेल का? मला तिचा वास जरा उग्र वाटतो.