रातराणीच्या कंडक्टरचा व्हिडिओ: निवेदन किती?

> तीन मिनिटांच्या व्हिडिओत निवेदन किती ठेवू? कंडक्टर काका फारसे बोलत नाहीत.

दोनच वाक्यं पुरतील बघ. पहिलं स्वारगेटला, फक्त वेळ आणि रूट, कारण ते चित्रात कळत नाही. बाकी 'काका दमलेत' वगैरे अजिबात नको, त्यापेक्षा तिकीट मशीनची कर्रर्र, सुट्ट्यावरून कुरकुर, आणि बेल, एक टोल थांबा, दोन टोल चला, हा आवाज वेगळ्या माइकने घे म्हणजे कट त्यावरच बसतात. शेवटी डेपोत पैसे मोजताना हातांचा क्लोजअप चाळीस सेकंद सलग ठेव, एडिटर कापायला सांगेलच, ऐकू नकोस. दुसरं वाक्य त्याआधी, घरी किती वाजता पोचतात एवढंच. आणि शटर १/५० ठेव, नाहीतर डेपोतल्या ट्यूबलाइट फडफडतात.