मदत हवी आहे: पोटात असह्य कळा, सगळे रिपोर्ट नॉर्मल, लघवी ठेवून दिली की गडद होते. पॉर्फिरिया असेल का?

मृदुला_स

नमस्कार. प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचा आहे, वय 29. वर्षभरापासून तिला अधूनमधून पोटदुखीचे असे झटके येतात की ती अक्षरशः गडाबडा लोळते. दुखतं कुठे ते बोट ठेवून सांगता येत नाही, सगळं पोट आणि कंबर. सोबत उलट्या, शौचाला न होणं, छातीत धडधड, बीपी वाढलेलं. डॉक्टर पोट दाबून बघतात तेव्हा ते मऊ लागतं. सोनोग्राफी, सीटी, एंडोस्कोपी सगळं स्वच्छ. एकदा अपेंडिक्स काढायचं जवळजवळ ठरलं होतं. आता "हे मनाचं दुखणं आहे" असं तिच्या तोंडावर सांगतात आणि ती गप्प बसते, ते मला बघवत नाही.

झटके बहुतेक पाळीच्या आधीच्या आठवड्यात येतात. शेवटचा सगळ्यात वाईट होता. त्याआधी तिने पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि वजन कमी करायचं म्हणून रात्रीचं जेवण सोडलं होतं. दाखल केलं तेव्हा रक्तातलं सोडियम 121 निघालं, म्हणजे खूपच कमी. वॉर्डात तिच्या लघवीची बाटली खिडकीपाशी राहून गेली होती. सकाळी पिवळी असलेली लघवी संध्याकाळी लालसर तपकिरी झाली होती. एका तरुण डॉक्टरांनी ती बघून पॉर्फिरिया हा शब्द पहिल्यांदा काढला.

घरी आल्यावर, दुखणं थांबून बरेच दिवस झाल्यानंतर, लघवीतली एकूण पॉर्फिरिन, म्हणजे या आजारात वाढणारी रंगद्रव्यं, तपासली. मर्यादेपेक्षा जराशी जास्त आली. "एवढ्याने काही होत नाही" म्हणून विषय बंद केला गेला. या रिपोर्टवरून आजार नाही असं म्हणता येतं का? आणि नक्की कळेपर्यंत तिने काय टाळावं?

विनायक_प

मृदुलाताई, माझ्या वाचनाप्रमाणे पॉर्फिरियात लघवी होतानाच लाल असते. बहिणीची पिवळी होते म्हणजे तो नसावा, बाटलीत जंतू वाढले असतील. तरी शंका असेल तर उपाय सोपा आहे, भरपूर ग्लुकोज द्या. साखर पोटात गेली की झटका शमतो. आणि वेदनाशामक औषधं सगळी बंद करा, या आजारात ती विषासारखी असतात.

लॅबवाला_संजीव

मी रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री विभागात काम करतो, हे नमुने माझ्या हातून जातात. विनायकराव, ग्लुकोजचं तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, त्यावर पुढे येतो. लघवीचं मात्र उलट आहे. झटक्यात साठतो तो पदार्थ म्हणजे पोर्फोबिलिनोजेन, आम्ही पीबीजी म्हणतो. त्याला स्वतःला रंग नसतो. उजेडात काही तास राहिला की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन रंगीत पदार्थ बनतात. त्यामुळे ताजी लघवी साधी दिसणं आणि ठेवल्यावर गडद होणं हे पॉर्फिरियाशी जुळतंच. रंगावरून निदान करायचं नाही, पण त्या डॉक्टरांची नजर चांगली होती.

आता मुळाशी जाऊ. आपलं शरीर हीम हा पदार्थ आठ पायऱ्यांनी बनवतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो लागतोच, पण यकृतालाही औषधं आणि हार्मोन निकामी करणाऱ्या एन्झाइमसाठी सतत लागतो. अॅक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरिया या तीव्र प्रकारात तिसऱ्या पायरीचं एन्झाइम जन्मतः निम्मंच असतं. एरवी तेवढ्यावर भागतं, म्हणून हा जनुकदोष असलेल्या बहुतेकांना आयुष्यात एकही झटका येत नाही. पण यकृताची हीमची मागणी वाढली की ते पहिल्या पायरीचं एन्झाइम जोरात सुरू करतं. मोरी निम्मी तुंबलेली आणि वरून नळ पूर्ण सोडलेला, अशी स्थिती होते. अडलेल्या पायरीच्या अलीकडचे एएलए आणि पीबीजी साठत जातात. नसांना इजा होते ती मुख्यतः एएलएमुळे, असं आज मानलं जातं. पोटाच्या नसा बिघडल्या की दुखणं, उलट्या आणि बद्धकोष्ठ. आतड्याला सूज नाही, म्हणून पोट मऊ आणि सीटी स्वच्छ.

तुमच्या बहिणीच्या शेवटच्या झटक्यात नळ उघडणाऱ्या तीन गोष्टी एकत्र आल्या: पाळीआधीचे दिवस, नॉरएथिस्टेरॉन आणि उपाशी राहणं. सोडियम 121 हेही याच चित्रात बसतं. मेंदूकडून पाणी धरून ठेवण्याचा चुकीचा निरोप जातो आणि रक्त पातळ होतं.

तुमच्या रिपोर्टने आजार नाकारला जात नाही आणि सिद्धही होत नाही. एकूण पॉर्फिरिन यकृताच्या त्रासात, दारूने, शिशाच्या विषबाधेतही थोडी वाढतात. हवी ती तपासणी पीबीजीची, सोबत एएलए आणि क्रिएटिनिन. पातळ लघवीत आकडा फसवा कमी दिसतो, म्हणून क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढतात. नमुना दुखत असतानाच घ्यायचा, आणि झटक्यावरचं औषध म्हणजे हेमिनचं इंजेक्शन सुरू होण्याआधी, कारण त्याने आकडे झपाट्याने उतरतात. चोवीस तासांची लघवी जमवत बसू नका. एका वेळची थोडीशी पुरते. बाटलीला लगेच फॉइल गुंडाळा आणि थंड ठेवूनच लॅबला पोचवा. भर झटक्यात पीबीजी नॉर्मल आलं, तर एक अतिदुर्मीळ प्रकार सोडता पॉर्फिरियाचा विचार सोडता येतो.

शुभदा_के

माझ्या नवऱ्याला पॉर्फिरिया आहे. उन्हात गेलं की हातांच्या पाठीवर फोड येतात. डॉक्टरांनी थोड्या थोड्या अंतराने रक्त काढून टाकलं आणि खूप फरक पडला. मृदुलाताई, बहिणीलाही रक्त काढायचं विचारून बघा. पोटदुखीचं काही आठवत नाही, पण लघवी त्याचीही गडद होती.

लॅबवाला_संजीव

शुभदाताई, त्यांना झालेला पॉर्फिरिया क्युटेनिया टार्डा असणार. तो यकृतातल्या लोहाशी जोडलेला आहे, म्हणून रक्त काढून गुण येतो. त्यात पोटाचे झटके येत नाहीत. मृदुलाताईंच्या बहिणीला रक्त काढून उपयोग होणार नाही. तीव्र प्रकारांतल्या दोनांत पोटाचा त्रास आणि त्वचेवर फोड दोन्ही दिसू शकतात, त्यामुळे तिला उन्हाने काही होतं का ते विचारा.

अनुजा_र

मला हाच आजार आहे, निदान उशिरा झालं. वेदनाशामक बंद करा हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. विनायकदादा, असं कुणाला सांगू नका. पॅरासिटामॉल चालतं, मॉर्फिन चालतं, उलटीला ऑन्डानसेट्रॉन चालतं. या वेदनेला पुष्कळदा मॉर्फिनच लागतं आणि ते मागणारी बाई व्यसनी ठरत नाही.

माझं नुकसान वेगळ्याच औषधाने झालं. सोडियम पडून फिट आली आणि एका ठिकाणी फेनिटोइन दिलं. ते या आजारात वर्ज्य आहे. नंतर हातांतली ताकद गेली, शर्टाचं बटण लावता येईना, ती परत यायला महिने लागले. फेनोबार्बिटल, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, रिफाम्पिसिन, सल्फाची अँटिबायोटिक्स आणि पाळीच्या हार्मोनच्या गोळ्या यांपासून बहिणीला लांब ठेवा. निदान झालेलं नसलं तरी प्रत्येक डॉक्टरला "पॉर्फिरियाची शंका आहे" एवढं सांगा. पाठ केलेल्या यादीवर विसंबू नका, प्रत्येक नवीन औषध drugs-porphyria.org वर डॉक्टरांना तपासायला लावा. नॉर्वेतलं पॉर्फिरिया केंद्र ती यादी सांभाळतं. दारू आणि सिगारेट पूर्ण बंद. आणि जेवण चुकवायचं नाही, हे मला सगळ्यात जड गेलं.

मृदुला_स

सगळ्यांचे आभार. मधल्या काळात तिला परत झटका आला, पाळीच्या आधीच. या वेळी इमर्जन्सीतच लघवीची बाटली फॉइलमध्ये गुंडाळून घेतली. रिपोर्ट आला: पीबीजी क्रिएटिनिनच्या दर ग्रॅमला 46 मिलिग्रॅम, लॅबची वरची मर्यादा 2. एएलएही वाढलेलं. सोडियम 126. तिने रिपोर्ट वाचला आणि खूप रडली. म्हणाली, म्हणजे मी खोटं बोलत नव्हते.

हेमिन मागवलंय, हातात यायला वेळ लागेल. तोपर्यंत 10 टक्के डेक्स्ट्रोजचं सलाइन लावायचं म्हणताहेत. चालेल का? आणि आई व मी तपासणी करावी का? मीही गर्भनिरोधक गोळ्या घेते.

लॅबवाला_संजीव

46 म्हणजे मर्यादेच्या 23 पट. एवढं वाढलेलं पीबीजी दुसऱ्या पोटदुखीत दिसत नाही. शिशाच्या विषबाधेत एएलए वाढतं, पण पीबीजी असं चढत नाही.

ग्लुकोजचं अर्धवट राहिलेलं आता सांगतो. भरपूर कार्बोहायड्रेट मिळालं की यकृतातलं ते पहिलं एन्झाइम मंदावतं, म्हणून झटक्यात दिवसाला 300 ग्रॅमपर्यंत ग्लुकोज देतात. सौम्य झटका तेवढ्यावर आवरतोही. पण डेक्स्ट्रोजच्या सलाइनमधली साखर शरीर वापरून टाकतं आणि उरतं नुसतं पाणी. सोडियम आधीच 126 असताना ते आणखी खाली जाऊ शकतं. द्यायचंच असेल तर सोबत मिठाचं सलाइन आणि दर काही तासांनी सोडियमची तपासणी, हे डॉक्टरांशी स्पष्ट बोला. हेमिन आलं की ग्लुकोजवर थांबू नका. ते वजनाच्या किलोमागे रोज 3 मिलिग्रॅम, साधारण चार दिवस, मोठ्या शिरेतून सावकाश देतात. छोटी शीर त्याने सुजते.

हात उचलताना ताकद कमी वाटली, आवाज बदलला किंवा श्वास अपुरा पडू लागला, तर त्याच क्षणी सांगा. नसांचा त्रास श्वासाच्या स्नायूंपर्यंत जाऊ शकतो, मग आयसीयू लागतो.

तुम्ही आणि आई दोघींनी तपासणी करा, पण आधी बहिणीचा जनुकीय बदल सापडू द्या. मग तुमच्यात नेमका तोच शोधता येतो. हा दोष आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आला असेल, तर तुमच्यातही असण्याची शक्यता 50 टक्के. तोवर गोळ्यांबद्दल तुमच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला.

विनायक_प

ग्लुकोजने सोडियम पडतं हे माहीत नव्हतं. वेदनाशामकांबद्दलही चुकीचं लिहिलं, अनुजाताई, आभार. एक विचारतो: झटके पाळीशी बांधलेले असतील तर पाळीच थांबवून ठेवली तर?

अनुजा_र

करतात तसं. बीजकोशांचं काम तात्पुरतं थांबवणारी इंजेक्शनं असतात. मला पहिल्या इंजेक्शननंतर झटका आला, कारण सुरुवातीला हार्मोन उसळतात. पुढे उपयोग झाला, पण हाडांची काळजी म्हणून जास्त काळ घेता आली नाहीत. वारंवार झटके येणाऱ्यांसाठी गिव्होसिरान आहे. ते यकृतातलं पहिलं एन्झाइमच दाबतं, महिन्याला एक इंजेक्शन. मूल हवं असेल तर दोन्हींचा हिशोब बदलतो.

मृदुला_स

तिला मूल हवंच आहे. म्हणजे इंजेक्शनं नकोत, पण दर महिन्याला हे सोसणंही नको. पाळीआधीच्या आठवड्यात ठरवून हेमिन घेणारं इथे कुणी आहे का? किती काळ चाललं आणि शिरांचं काय झालं?