साचलेली कामं ‘उरकताना’ चूक ‘पकडली’: भाषणात हे शब्द चालतील का?

जिनातला: धरणगावकडच्या एका जिनिंगच्या ऑफिसात मी बिलिंगची टीम सांभाळतो. आमच्या एका ताईंनी साचलेली बिलं काढताना मोठी चूक शोधली. त्याबद्दल शनिवारी पाळी सुटताना सगळ्यांसमोर दोन मिनिटं बोलायचंय. लिहिलंय ते असं:

“आपल्या ताईंनी पेंडिंग कामं उरकताना मोठा घोटाळा पकडला आणि कंपनीचे अडीच लाख वाचवले. त्यांना शाबासकी दिली पाहिजे.”

वाचून पाहिलं तर पोलीस ठाण्याची बातमी वाटतेय. ‘उरकताना’, ‘पकडला’, ‘वाचवले’ हे तिन्ही खटकतात, पण नेमके का ते सांगता येईना.

मास्तर, पारोळा: आधी ‘घोटाळा’ काढा. घोटाळा म्हटलं की कुणीतरी पैसे खाल्ले असंच ऐकणारा धरून चालतो. साधी ‘चूक’ म्हणा. ‘उरकणे’ मध्ये घाई आहे, ‘एकदाचं उरकलं’ म्हणतो ना आपण. ज्या बाईनं लक्ष देऊन काम केलं तिच्या कामाला तुम्ही उरकणं म्हणताय. ‘कामं मार्गी लावताना’ म्हणा. ‘निपटारा’ कुणी सुचवेल, तो घेऊ नका, हिंदी आहे.

मुनीमजी, अमळनेर: उरकण्याचं मास्तरांनी बरोबर सांगितलं, मार्गी लावण्याचं नाही. रस्त्याचं काम मार्गी लागलं म्हणजे मंजुरी आली, खडी पडली. रस्ता झाला असं नाही. ताईंची बिलं पुरी होऊन बाहेर पडत होती. त्याला ‘हातावेगळी करताना’. आणि निपटवणं हिंदीतून आलं असेल, पण आपल्याकडे बाजार समितीत दिवसभर तेच चालतं. ‘एवढी पट्टी निपटव आन मग चहा घे.’ तिथे हातावेगळं कोण म्हणतं? तुम्ही कागद वाचणार की बोलणार, त्यावर ठरवा.

बाकी शब्दांचं आत्ताच काही सांगत नाही. चूक काय होती ते आधी सांगा.

जिनातला: सांगतो. रुईच्या गाठींचा भाव खंडीवर असतो, खंडी म्हणजे ३५६ किलो. गाडीत १०० गाठी, गाठ साधारण १७० किलोची, म्हणजे गाडी १७,००० किलोची. त्याला ३५६ ने भागलं की ४७.७५ खंडी. ऑक्टोबरात नवा हंगाम सुरू झाला तेव्हा एका मुलानं बिलाची नवी शीट बनवली आणि त्यात आकडे उलटे पडले. सूत्र असं झालं:

```
=D7/365
```

खंडी निघाली ४६.५८. खंडीला ५५,००० भाव धरला तर बिल २६,२६,४०० च्या आसपास व्हायला हवं ते २५,६१,६०० च्या आसपास झालं. एका गाडीमागे पासष्ट हजारांना जरासं कमी. अशा चार गाड्या. घेणारा कशाला सांगेल, त्याचा फायदाच होता.

भुसावळकर: एवढं कुणाच्याच लक्षात आलं नाही? आमच्या जुन्या कॅशियर काकांची युक्ती होती: फरकाला नऊने भाग गेला की समजायचं, आकडे उलटे पडलेत. ३६५ वजा ३५६ बरोबर ९. बघा, लगेच सापडली असती.

मुनीमजी, अमळनेर: युक्ती खरी आहे, पण ती खतावणीतली. ५,३१० ऐवजी ५,१३० लिहिले आणि बेरीज जुळली नाही, तर १८० चा फरक पडतो आणि त्याला नऊने भाग जातो. इथे उलटा आकडा भागायला वापरलाय. रुपयांत पडलेल्या फरकाला नऊने भाग जाईलच असं नाही. शिवाय इथे जुळवायला दुसरी बेरीज कुठे होती? खंडी चुकली, भाव बरोबर, गुणाकार बरोबर, कर बरोबर. बिल आपल्यापुरतं बिनचूक.

मला वाटतं त्यात आणखी एक फसवं आहे. ४६.५८ हा आकडा अशक्य नाही. गाठ १६६ किलोच्या आसपास भरली की १०० गाठींचे तेवढेच होतात. बघणाऱ्याला वाटतं, या वेळी गाठी हलक्या आल्या. ताईंनी ते कसं ओळखलं?

जिनातला: अगदी तेच झालं. मी स्वतः दोन बिलांवर नजर टाकली होती आणि हलक्या गाठी समजून पुढे गेलो. ताई वजनकाट्याची पावती शेजारी ठेवून बिल काढतात. पावतीवर १७,००० च्या वर किलो आणि बिलात साडेशेहेचाळीस खंडी. म्हणाल्या, “सतरा हजाराला पावणेअठ्ठेचाळीस होतात ना? मग सव्वा खंडी गेली कुठे?” मग गेल्या हंगामाचं बिल काढलं, दोन्ही शीट शेजारी उघडल्या आणि भागाकाराच्या खान्यावर बोट ठेवलं.

सावदेकर ताई: सगळ्यांसमोर कौतुक करायचंच कशाला, हे आधी ठरवा. मी केळीच्या पॅकहाउसला होते. पेट्यांवर दुसऱ्याच लॉटची लेबलं लागत होती, ते मी सांगितलं. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून “हिने पकडलं” म्हणून टाळ्या वाजवल्या. लेबलं लावणारी माझ्याच शेजारी उभी. पुढे हंगाम संपेपर्यंत ती माझ्याशी धड बोलली नाही, आणि मला जेवायला वेगळं बसावं लागलं.

जिनातला: ताई, बोलायचं हे ठरलंय, मालकांनीच सांगितलंय. पण तुमचं म्हणणं पटलं. शीट बनवणारा मुलगाही तिथेच असणार.

मास्तर, पारोळा: मग ‘पकडली’ गेलंच. पकडायला समोर कुणीतरी पकडला जाणारा लागतो. ‘चूक काढली’ तर त्याहून वाईट. चुका काढणं हा स्वभाव होतो, काम नाही; सासू चुका काढते. ‘हेरली’ म्हटलं तर पाळत ठेवल्यासारखं. ‘चूक त्यांच्या ध्यानात आली’ असं म्हणा. मवाळ आहे, कुणाला टोचत नाही.

मुनीमजी, अमळनेर: टोचत नाही, कारण त्यात ताईच नाहीत. ध्यानात आली म्हणजे आपोआप आली. तुम्ही त्यांचं कौतुक करायला उभे राहताय आणि क्रियापदातून त्यांना बाहेर काढताय. ‘शोधली’ पण पूर्ण बसत नाही, कारण त्या चूक शोधायला बसल्या नव्हत्या, बिलं काढायला बसल्या होत्या.

मी असतो तर चुकीला क्रियापद जोडलंच नसतं. त्यांनी काय केलं ते सांगितलं असतं. पावती शेजारी ठेवली, किलोवरून खंडी तोंडी काढली, जुळेना तेव्हा थांबल्या आणि विचारलं. ‘थांबल्या’ हा शब्द जरूर घ्या. ढीग समोर असताना थांबणं हेच त्यांचं काम, बाकी आपण सगळे पुढे गेलो होतो.

मुलासाठी ‘नजरचूक’. ३५६ चे ३६५ होणं याला दुसरा नेमका शब्द मराठीत मला माहीत नाही. त्यात दोष आहे पण हेतू नाही.

भुसावळकर: “एकाच्या नजरचुकीवर दुसऱ्याची नजर पडली.” घ्या, भाषणाला ओळ तयार!

मुनीमजी, अमळनेर: फार टाळ्याखाऊ आहे. आणि ‘एकाच्या’ म्हटलं की सगळे मागे वळून त्या मुलाकडे बघतील.

चोपडा_कपाशी: ‘अडीच लाख वाचवले’ हे कसं? चारही बिलं अजून टेबलावरच होती का?

जिनातला: तीन होती. एक घेणाऱ्याकडे गेलेलं, ई-इनव्हॉइससकट, आणि २४ तास उलटून गेल्यानं पोर्टलवर रद्दही करता आलं नाही. त्याची आता डेबिट नोट काढलीय.

चोपडा_कपाशी: मग ‘वाचवले’ चारही गाड्यांना लागू होत नाही. तीन गाड्यांचं नुकसान ‘टळलं’. चौथीचं झालेलं आहे, ते ‘भरून निघायचं’ आहे. घेणाऱ्यानं डेबिट नोट मान्य करून पैसे दिले तर. उद्या त्याने खळखळ केली तर तुमचे अडीच लाख कुणीतरी मोजून दाखवेल आणि ताईंच्याच नावावर उणे पडेल. शेतकरी आहे, पट्टीवरचा आकडा आणि हातात पडलेला आकडा यातला फरक मला चांगला कळतो.

मुनीमजी, अमळनेर: वा! यावर माझ्याकडे भर घालायला काही नाही. ‘टळलं’ घ्या. जुने व्यापारी ‘खोट टळली’ म्हणायचे, खोट म्हणजे तोटा. पण आजच्या पोरांना खोट म्हणजे मालातला दोष वाटेल, तेव्हा राहू द्या.

बोरी_काठ: एवढी प्रमाण मराठी कशाला? प्रेसवरची निम्मी माणसं अहिराणी बोलतात. “बठ्ठासले राम राम” म्हणून सुरू करा, माणसं लगेच कान देतील.

सावदेकर ताई: रावेर-यावलकडची माणसं असतील तर ती लेवा बोलतात. त्यांना अहिराणी कळते, पण ‘आपली’ वाटत नाही. राम राम सगळ्यांना चालतो, तेवढाच ठेवा.

जिनातला: पुन्हा लिहिलं:

“सगळ्यांना राम राम. आपल्याकडे गाठींची बिलं साचली होती. ती हातावेगळी करताना ताईंना एका बिलात किलो आणि खंडी जुळेना. ढीग मोठा होता, तरी त्या थांबल्या. काट्याची पावती आणि जुनं बिल काढून पाहिलं आणि मला विचारलं. शीटमध्ये नजरचुकीनं ३५६ चे ३६५ झाले होते. ती बिलं मीही पाहिली होती, मला दिसलं नाही. तीन गाड्यांचं नुकसान टळलं, एकीचे पैसे मागितले आहेत. आजपासून प्रत्येक बिलाला काट्याची पावती जोडायची, ताई जोडतात तशी. ताई, शाबास!”

मास्तर, पारोळा: सुरेख. ‘मीही पाहिली होती’ मुळे त्या मुलाची मान वर राहील. पण ताईंचं वय काय, आणि तुमचं?

जिनातला: त्या पन्नाशीच्या. मी एकतीस.

मास्तर, पारोळा: मग ‘शाबास’ नको. शाबासकी वरून खाली येते. थोरल्यानं धाकट्याच्या पाठीवर मारायची थाप आहे ती. पन्नाशीच्या बाईला तुम्ही शाबास म्हणालात तर त्या हसतील, पण घरी जाऊन सांगतील. ‘ताई, तुमचे आभार’ म्हणा.

बोरी_काठ: आभार म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटी माइकवाल्याचे मानतात ते. इतकं सगळं झाल्यावर आभार?

सावदेकर ताई: मी त्यांच्या वयाची आहे. मला साहेब ‘शाबास’ म्हणाले असते तर वाईट वाटलं नसतं, ऑफिसात हुद्दा बघतात. ‘आभार’ म्हणाले असते तर मात्र वाटलं असतं, मी काय बाहेरची आहे का?

मुनीमजी, अमळनेर: मास्तर म्हणतात ते घरातलं, ताई म्हणतात ते ऑफिसातलं. जिनात कुठलं चालतं ते तुम्हालाच माहीत. मी ‘ताई, तुम्ही होतात म्हणून’ एवढंच म्हणून वाक्य अर्धं सोडलं असतं.

जिनातला: अर्धं वाक्य सोडलं तर आमचे प्रेसवाले ते मोठ्यानं पुरं करतील, आणि काय म्हणतील त्याचा नेम नाही. ‘शाबास’ की ‘आभार’ ते उद्या त्यांच्याच बरोबरीच्या हजेरीवाल्या मावशींना विचारून ठरवतो.