फर्निचरवाल्याला पाठवायचा मेसेज, जरा बघता का?

बी-३०४: नमस्कार सगळ्यांना. आपल्या टूबीएचकेचं किचन, दोन वॉर्डरोब, हॉलचं पीओपी आणि सगळा रंग असं काम काढलंय, टोटल ६ लाख ठरलंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय ५० टक्के ॲडव्हान्स, ४० टक्के मधी आणि १० शेवटी, दीड महिन्यात देतो. विश्रामबागेत एक-दोन ठिकाणी त्याचं काम बघितलंय, चांगलंय. फायनल करू का?

सी-१०२: थांबा ओ ताई. "मधी" म्हणजे कधी? सुतार आला की मधी, प्लाय आला की मधी, त्याला पाहिजे तवा मधी. ९० टक्के गेल्यावर तुमचा फोन उचलणार कोण. डोळ्यानं दिसतंय त्यालाच पैसे बांधा, तारखेला नको.

ए-२०१: काका बरोबर बोलतायत. त्याआधी रेट कशावर लावलाय ते विचारा वहिनी, स्क्वेअर फूट समोरून मोजणार ना? ७ फूट रुंद ८ फूट उंच वॉर्डरोब म्हणजे ५६ फूट, १४०० नं ७८,४००. त्यावर २ फुटाचा लॉफ्ट असला तर अजून १४ फूट, म्हणजे १९,६०० वाढले. लॉफ्ट रेटमधी धरलाय का वेगळा हे आत्ताच लिहून घ्यायचं, भांडणं तिथंच लागतात. आतले ड्रॉवर आणि आरसा पण.

बी-३०४: लॉफ्टचं तर बोललाच नाही तो 😐 आणि प्लाय "वॉटरप्रूफ" एवढंच लिहिलंय कोटेशनला.

ए-२०१: वॉटरप्रूफ काय पण म्हणतात. किचनला आणि सिंकखाली बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यात पण पदर न सुटणारा प्लाय, प्रत्येक शीटवर IS 710 आणि आयएसआयचा शिक्का पाहिजे. साधा एमआर प्लाय IS 303 मधी येतो, बेडरूमच्या वॉर्डरोबला चालतोय पण सिंकखाली फुगतोच. शंका असली तर कापून उरलेला तुकडा पातेल्यात दोन-तीन तास उकळा, पदर सुटले तर बीडब्ल्यूपी नाही. मात्र शीट कापायच्या आधी शिक्के बघा, लॅमिनेट चिकटल्यावर काय दिसत नाय.

सी-१०२: आणि जूनला सुरू करताय म्हणजे पाऊस धरा. पुट्टी वाळायला वेळ लागतोय, घाई करून रंग मारला की पापुद्रे येतात. चिमणी, आरओ, ओव्हनचे पॉइंट पीओपी आणि फर्निचरच्या आधी, नायतर नवीन टाइल फोडायची पाळी.

डी-४०३: वहिनी दिवसाचा दंड घातला तर तुमची बाजू पण लिहा. आमच्याकडं लॅमिनेटचा कलर आम्हीच ठरवत नव्हतो आणि तो बिचारा थांबलेला, दंड कुणाला लावायचा सांगा 😂

बी-३०४: बरं, असा टाकते, बघा:

"दादा नमस्कार. काम एवढंच: किचन, दोन वॉर्डरोब लॉफ्टसकट, हॉलचं पीओपी, सगळा रंग. बाथरूम आणि बाल्कनी नाही. जोडलेल्या ड्रॉइंगप्रमाणे माप समोरून, काम झाल्यावर दोघांनी मिळून पुन्हा मोजायचं आणि बिल त्या मापावर. किचनचा प्लाय १८ एमएम IS 710. बिजागरी आणि चॅनल कुठल्या कंपनीचे ते नावासकट लिहून द्या. ६ लाखात जीएसटी, मजुरी, राडारोडा उचलणं सगळं धरलंय. जादा काम निघालं तर आधी ग्रुपवर रेट टाका, माझा होकार आल्यावरच करा, नंतरचं बिल मानणार नाही.
पैसे: ड्रॉइंग फायनल झाल्यावर ६०,०००. प्लाय साइटवर आला आणि शिक्के बघितले की १,८०,०००. किचन आणि वॉर्डरोबचे बॉक्स भिंतीला लागले की १,५०,०००. शटर, लॅमिनेट, हँडल बसून रंगाचा एक हात झाला की १,५०,०००. उरलेले ६०,००० किरकोळ दुरुस्तीची यादी संपल्यावर.
मुदत प्लाय आल्यापासून ४५ दिवस. कलर आणि हँडल मी दहा दिवसात देते, माझ्याकडून उशीर झाला तर तेवढे दिवस पुढं. तुमच्याकडून झाला तर रोज ५०० कमी."

सी-१०२: झकास. ॲडव्हान्स कमी वाटला तर तो कुरकुरणार, तेव्हा प्लायचे पैसे थेट दुकानदाराला देते म्हणा, बिल तुमच्या नावावर. ज्याला माल खरंच आणायचाय तो तयार होतोय.

ए-२०१: ६०,००० शेवटचे मात्र शटर महिनाभर वापरल्याशिवाय देऊ नका, पावसात दारं घासायला लागली की लगेच कळतंय. तेवढं वाक्य घाला.

बी-३०४: घातलं. पाठवला. दोन निळ्या टिका आल्यात, रिप्लाय नाय अजून.

सेक्रेटरी: काम ९ ते ६, रविवारी कटिंग मशीन बंद. प्लायच्या शीट लिफ्टमधून नको, जिन्यानं. ताई त्याच्या मेसेजमधी हे पण टाका, नंतर "आम्हाला सांगितलं नव्हतं" म्हणून चढवायचे जादा पैसे मागतात.