काठावर पास: मेलमध्ये नेमकं काय लिहायचं

> 'औद्योगिक क्रांती ब्रिटनमध्येच आधी का झाली?' या निबंधात एकही तथ्य चुकलेलं नाही, तरी काठावर पास दिलंय. टीए म्हणून विद्यार्थ्याला 'विश्लेषण कमी पडलं' एवढं कळवलं तर पुरेल का?

नाही पुरणार. ते वाक्य कुठल्याही निबंधाखाली चिकटवता येतं, आणि त्याला ते लगेच कळेल. त्याच्याच एका परिच्छेदावर बोट ठेवा. मी साधारण असं लिहिलं असतं:

'माहिती बरोबर आहे, संदर्भ नीट आहेत. पास झालास ते त्यावर. पण प्रश्न "का" असा होता आणि तू "काय घडलं" ते सांगितलंस. १७१२चं न्यूकोमेनचं इंजिन, मग १७६९चं वॉटचं पेटंट, अशी नुसती यादी येते. न्यूकोमेनचं इंजिन कोळसा अफाट खायचं, म्हणून ते मुख्यतः कोळशाच्या खाणींवरच परवडायचं. हे लिहिलं असतंस तर स्वस्त कोळशाचा मुद्दा उभा राहिला असता आणि ती तारीख पुरावा ठरली असती. फ्रान्सशी तुलना शेवटच्या दोन ओळींत उरकलीस. "ब्रिटनमध्येच" म्हटल्यावर ती पहिल्यापासून हवी होती.'

बस, एवढंच. भाषेच्या किरकोळ चुका मेलमध्ये काढू नका, नाहीतर गुण त्यांच्यामुळेच गेले असं तो धरून चालेल. आणि 'थोडक्यात हुकलं' तर मुळीच नको. तपासणाऱ्याच्या मनात शंका होती असा त्याचा अर्थ लागतो, मग फेरतपासणीचा अर्ज ठरलेलाच.