‘तेन त्यक्तेन भुञ्जीथाः’ : त्यक्त म्हणजे त्याग, टाकलेले की दिलेले?

लेखणी : ईशोपनिषदाच्या पहिल्या मंत्राचा मराठी अनुवाद करताना तिसऱ्या चरणाशी मी ‘त्यागाने उपभोग घे’ असे लिहिले होते. मुद्रितशोधकांनी त्यावर खूण करून विचारले आहे की, ‘त्यक्त’ हे धातुसाधित विशेषण असताना तुम्ही त्याचे नाम कसे केले? त्यांच्या मताने ‘टाकलेल्याने’ असे हवे. परंतु ‘त्या टाकलेल्याने उपभोग घे’ हे वाक्य मराठीत वाचवत नाही. ‘टाकलेला’ म्हटले की आपल्यापुढे उकिरडा तरी येतो किंवा नवऱ्याने टाकलेली बायको. येथे कोणता शब्द योजावा?

शब्दवेडा : मुद्रितशोधकांचे बरोबर आहे. ‘क्त’ प्रत्यय लागला की विशेषणच होते. गत, मृत, त्यक्त. शंकराचार्यांनी ‘त्यक्तेन त्यागेनेत्यर्थः’ असे लिहिले, ती संन्यासाच्या बाजूने केलेली ओढाताण आहे.

वैयाकरण : विशेषण होते हे खरे, परंतु ‘विशेषणच’ होते हे खरे नाही. ‘नपुंसके भावे क्तः’ हे पाणिनीचे सूत्रच आहे (३.३.११४), आणि त्याची उदाहरणे आपण रोज वापरतो. ‘त्याचे जीवित धोक्यात आले’ असे म्हणताना ‘जीवित’ हे नामच असते. त्याच न्यायाने ‘त्यक्त’ म्हणजे टाकण्याची क्रिया, म्हणजेच त्याग, असा अर्थ निघतो. शिवाय आचार्यांनी कारणही दिले आहे : टाकलेला किंवा मेलेला मुलगा अथवा चाकर आपला उरलेला नसल्यामुळे आपले पालन करीत नाही, म्हणून टाकलेल्या वस्तूने नव्हे, तर त्यागाने.

शब्दवेडा : पालन कोठून आले? मंत्रात तर भोग आहे. तुमच्याच पाणिनीचे ‘भुजोऽनवने’ (१.३.६६) सांगते की पालनाखेरीज इतर अर्थी ‘भुज्’ला आत्मनेपद होते. राजा पृथ्वी ‘भुनक्ति’, आणि जेवणारा अन्न ‘भुङ्क्ते’. ‘भुञ्जीथाः’ हे आत्मनेपद आहे. आचार्य त्याचा अर्थ ‘पालयेथाः’ असा करतात. पालनच सांगायचे असते, तर ‘भुञ्ज्याः’ हवे होते.

वैयाकरण : हा आक्षेप वजनदार आहे, हे मान्य करतो. वेदात परस्मैपद-आत्मनेपदांची अदलाबदल चालते, असे त्याला उत्तर देतात. मात्र हे उत्तर कोणत्याही अडचणीला लागू पडते, म्हणून ते मला फारसे आवडत नाही.

शंकासुर : मला तर त्याच मंत्राच्या पहिल्या चरणातल्या ‘ईशा वास्यम्’मधले ‘वास्यम्’ म्हणजे वास, सुगंध, असे वाटत होते. ईश्वराच्या सुगंधाने सर्व दरवळले आहे, असा अर्थ सुंदर नाही का?

वैयाकरण : प्रश्न तिसऱ्या चरणाचा आहे. तरीही सांगतो : आचार्य ‘वास्यम्’चा अर्थ ‘आच्छादनीयम्’, म्हणजे झाकण्याजोगे, असाच करतात. दृष्टान्त मात्र चंदनाचा देतात : पाण्याने आलेली दुर्गंधी चंदन उगाळल्यावर त्याच्या मूळ गंधाने झाकली जाते. त्यामुळे आपले नाक अगदीच चुकले, असे म्हणवत नाही.

माजघर : आमच्याकडे वाटणीच्या वेळी आजोबा शेवटचा चरण म्हणत आणि ‘दुसऱ्याच्या धनाला हात लावू नका’ असे बजावत. पुढे माझ्या काकांनी त्यांना थांबवून सांगितले की तेथे दोन वाक्ये आहेत : ‘मा गृधः’, हाव धरू नकोस, आणि ‘कस्य स्विद्धनम्?’, धन आहे तरी कोणाचे? आजोबांनी महिनाभर अबोला धरला. मला वाटते, ‘गृधः’मधला धातूच ‘गृध्र’ म्हणजे आपल्या गिधाडात आहे. मग ‘गिधाडपणा करू नकोस’ असा अनुवाद का करू नये?

वैयाकरण : धातू तोच आहे. आणि वाद आजोबा-काकांचा एकट्यांचा नाही, कारण भाष्यात दोन्ही अन्वय दिलेले आहेत. गिधाड मात्र अनुवादात नको. मूळ शब्दात ते दिसत नाही, आणि मराठीत ते प्रेतासह येते.

लेखणी : माझा ‘त्यक्तेन’ मागे राहिला. मध्वाचार्यांच्या परंपरेत ‘तेन’ म्हणजे त्या ईशाने, आणि ‘त्यक्तेन’ म्हणजे दिलेल्याने, असा अर्थ घेतात. तो घेतला तर ‘त्याने दिलेल्यावर निर्वाह कर’ असे स्वच्छ मराठी वाक्य होते, आणि ‘हाव धरू नकोस’ त्याला आपोआप जोडले जाते. विशेषण विशेषणच राहिल्याने मुद्रितशोधकही संतुष्ट होतील.

शब्दवेडा : पण ‘निर्वाह’ लिहिल्याने भोग गेला! ‘भोग’ असेच लिहा.

माजघर : मराठीत भोगतात ती दुखणी आणि कर्मे. ‘भोग’ वाचून वाचक शिक्षाच समजेल.

शब्दवेडा : राज्यही भोगतात. एका अर्थाच्या भीतीने शब्दच टाकून द्यायचा का?

लेखणी : ‘टाकून’ हा शब्द आपण या धाग्यात जपून वापरावा, ही विनंती. मी तूर्त ‘त्याने दिलेल्याचा उपभोग घे’ असे लिहून ‘त्यागाने’ हा पर्याय तळटीपेत ठेवते.

वैयाकरण : उलट करा. त्याग तळटीपेत गेला, तर त्या चरणात उरले काय?